ग्रेट जॉब, सर

"बाबा, हे कौतुक न्हाई," ऐश्वर्या म्हणाली आणि तिनं फाईल मिटून मांडीवर ठेवली.

रत्नपाल सर बशीत चहा ओतत होते. धार बशीबाहेर गेली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. लेक औरंगाबादच्या कॉलेजातून सुट्टीला आली, म्हणून त्यांनी मोठ्या हौसेनं ती फाईल तिच्या हाती दिली होती.

आखाडा बाळापूरच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. दर रविवारी बस धरून हिंगोलीला जात आणि इंटरनेट कॅफेत पक्षी पाहणाऱ्यांच्या चॅटरूममध्ये तासभर बसत. पुण्या-मुंबईची, नागपूरची माणसं तिथं जमायची. तीन आठवड्यांपूर्वी, जानेवारीतल्या एका सकाळी, गावाबाहेरच्या तळ्यावर धुकं इतकं दाट होतं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं ते कळेना. त्या पांढुरक्यात एकाएकी गुलाबी रंग उमटला. लांब पाय, वाकडी चोच. फ्लेमिंगो, म्हणजेच रोहित. सरांनी श्वाससुद्धा हळू घेतला. सूर्य वर आला, धुकं फाटलं, तोवर पक्षी उडून गेले होते. कॅमेरा नव्हता. घरी येऊन त्यांनी पेन्सिलीनं चित्र काढलं, सात रोहित. कॅफेवाल्यानं ते स्कॅन करून चॅटवर टाकलं.

मग उत्तरं आली. 'शुअर.' 'वॉऽऽऽव अमेझिंग!!!' 'ग्रेट जॉब, सर.' सरांनी प्रिंट काढून फाईलला लावले. तेव्हापासून ते फळ्यावर पेशींची आकृती काढता काढता मध्येच थांबत. खडूच्या धुरळ्यातून त्यांना गुलाबी पंख दिसत.

"काहून कौतुक न्हाई? शब्द तर चांगले हायेत," ते म्हणाले.

ऐश्वर्यानं पुन्हा फाईल उघडली. शब्द तेच असतात, ती म्हणाली, आजूबाजूला काय आहे ते बघायचं. 'शुअर' असं नुसतं लिहून पुढं टिंब दिलं की त्याचा अर्थ, तुम्ही म्हणता तर असेल बुवा. एकानं 'वॉव'मध्ये नऊ वेळा ओ दाबलाय, आणि लगेच खाली दोघांनी डोळा मारणारे चेहरे टाकलेत. कौतुक तुमचं, हसणं त्यांचं आपसात. तोच माणूस पुढच्या पानावर नागपूरच्या एका बाईच्या फोटोला काय लिहितो बघा. पंखावर ऊन छान पडलंय म्हणतो, किती वाजता काढला म्हणून विचारतो. ज्याला खरंच आवडतं त्याला काहीतरी विचारावंसं वाटतं. तुमच्या चित्रातली एक गोष्ट तरी कुणी नाव घेऊन सांगितलीय का?

शेवटी तिचं बोट एका ओळीवर थांबलं. 'पुढच्या रविवारी काय सर, डायनासोर?' त्याखाली सरांनीच लिहिलं होतं, 'आपला लोभ असू द्यावा.'

सर त्या ओळीकडं बघत राहिले. लेकीसमोर ती ओळ झाकावी असं त्यांना वाटलं, पण हात उचलला नाही.

लेकीशी हे बोलणं झालं तेव्हापासून वेगळंच घडू लागलं. सरांना त्या लोकांचा राग येईना, स्वतःच्या डोळ्यांचाच भरवसा वाटेना. धुक्यात उगवतीचा रंग बगळ्यांच्या अंगावर पडला असेल. वाकडी चोच आपल्याच मनानं लावली असेल. डोळे मिटले की तळं दिसे, पण पाण्यावर गुलाबी काही नसे. ते चित्र फाडायला निघाले, तेव्हा ऐश्वर्यानं त्यांचा हात धरला. खरंच कुणीच काही विचारलं नव्हतं का, असं तिनं विचारलं.

"एकानं विचारलं होतं," सर म्हणाले. "कोणता काठ, किती वाजता, पाणी कितपत खोल. मी सांगितलं, पण वाटलं, आपल्याला तपासून राहिला. म्हणून ते पान छापून घेतलं न्हाई."

त्याचं नाव हरिचंद. कनेरगाव नाक्यावर त्याचा धाबा होता, एवढं त्यानं चॅटवर सांगितलं होतं. आठवड्यानं त्यानंही 'ग्रेट जॉब, सर' एवढंच लिहिलं होतं. उद्गारचिन्ह नाही, चेहरा नाही, मागून कुणाचं हसू नाही. ऐश्वर्यानं ती ओळ दोनदा वाचली. हे खरं वाटतं, ती म्हणाली, पण कागदाला आवाज नसतो, पक्कं कसं सांगू?

रविवारी सर हिंगोलीला उतरले, पण कॅफेकडं वळले नाहीत. त्यांनी कनेरगाव नाक्यावरून जाणारी वाशिमची बस धरली. तुरीची शेतं, पिवळं ऊन, खिडकीची काच, सगळं पाण्यातून पाहावं तसं मागं सरकत होतं. टोमणाच असेल तर तोंडावर ऐकू, म्हणजे एकदाचं संपेल, असं त्यांनी ठरवलं होतं.

धाब्यावर हरिचंद तव्यावर भाकरी टाकत होता. सरांनी नाव सांगितलं तसं त्यानं पिठाचे हात धुतले आणि बाजेवर चादर टाकली. सर बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी विचारलं, "तुमी ग्रेट जॉब लिहिलं. ते खरं, का थट्टा?"

हरिचंद गोंधळला. त्यानं धाब्यात बसलेल्या गिऱ्हाइकांकडं पाहिलं, मग सरांना जरा बाजूला घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"चूक चारचौघांत काढू नये म्हणून तिथं लिहिलं न्हाई, सर. तुमी सांगितल्या काठावर मी दोन दिवस येऊन बसलो होतो. सात न्हाई, आठ हायेत."