गच्चीवरनं आलेला चौकार

टीव्हीतली बाई शाम्पूच्या जाहिरातीत तोंड उघडं टाकून थांबली. केस हवेत, एक डोळा अर्धा मिटलेला. पाच मिनिटं झाली तरी हलेना, तेव्हा बसाप्पाची बायको हिराबाई म्हणाली, "हिला काय झटका आला म्हणायचं?"

घड्याळात पाच वाजलेले. साडेपाचला भारत-पाकिस्तान फायनल. मॅचसाठी नेसरीचे जावई अमरेश मुद्दाम मंगळवार पेठेत मुक्कामाला आलेले. जावई तक्क्याला टेकून शांतपणे म्हणाले, "मामा, शेजारी गौसभाईंच्यात जाऊ की. त्यांच्याकडं केबल हाय."

बसाप्पाचा चेहरा पडला. केबलवाल्याशी भांडून, वायर स्वतःच्या हातानं कापून त्यानं गच्चीवर डिशची छत्री बसवली होती. महिनाभर गौसच्या दारात उभं राहून तो तिचं कौतुक सांगत होता. आता जावयाला घेऊन त्याच दारात जायचं म्हणजे पेठ सोडायची वेळ.

"पावणं, बसा. दोन मिनिटाचं काम हाय," म्हणत त्यानं टीव्हीच्या डोक्यात दोन थपडा हाणल्या. एसटीच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं त्याची हीच पहिली पायरी होती.

बाई हलली नाही. बारा वर्षांच्या नातीनं, शिवलीलानं, रिमोटनं आवाज वाढवला. आवाज आला नाही, पण बाईच्या नाकावर हिरवी पट्टी उमटली आणि कानापर्यंत भरली.

"अज्जा, टीव्ही चांगला हाय. त्याला मारू नका. बॉक्स अडकलाय."

तिनं बॉक्सचं बटण भिंतीवरनं बंद केलं, कार्ड काढून फ्रॉकला पुसलं, एक मिनिट थांबली आणि परत सगळं चालू केलं. बाई गेली. तिच्या जागी निळा पडदा आला आणि त्यावर ओळ : सिग्नल नाही.

"निदान तोंड तरी दिसत हुतं," हिराबाई म्हणाली.

शिवलीलानं मेनू उघडला. सिग्नलच्या दोन पट्ट्या आल्या. वरची ताकदीची, भरलेली. खालची गुणवत्तेची, शून्य. "म्हणजे वायर चांगली हाय," ती म्हणाली. "छत्रीच भलतीकडं बघायलीय."

"कालपातुर तर नीट बघत हुती," म्हणत बसाप्पा पाना घेऊन गच्चीवर गेला. वर छत्रीच्या दांडीवर ओली वाकळ वाळत टाकलेली. तिच्या वजनानं छत्री खांबावर फिरून गौसच्या पेरूकडं बघत होती.

"कुणी टाकली ही?"

खाली हिराबाई एकदम चहा करायला उठली.

बसाप्पानं वाकळ काढली आणि छत्री फिरवायला लागला. दूरदर्शनच्या काळात अँटेना फिरवण्यात अख्ख्या गल्लीत त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. "आलं काऽऽ?"

"न्हाऽऽय!" खालनं शिवलीला.

वीतभर फिरवली. "आता?"

"न्हाय!"

अशी छत्रीची तीन वेळा प्रदक्षिणा झाली. चौथ्या वेळी शिवलीला "न्हाय" म्हणाली आणि त्यानंतर खालची पट्टी टुणकन वर उडून पडली. तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ती जिन्यात धावली.

"अज्जा, ही अँटेना न्हाय! बॉक्सला सिग्नल धरायला वेळ लागतोय. तुम्ही तवर पुढं जाताय! बोटभर सरकवा आणि पाच आकडं मोजा. मग दुसरं बोट."

"बोटभर? वर्कशॉपात बोटभर कायबी हलत न्हाय."

पण मोजायला लागला. सातव्या बोटाला पट्टी सत्तरवर गेली आणि पडद्यावर हिरवंगार मैदान आलं. नाणेफेक होऊन गेलेली. खाली टाळ्या पडल्या.

"थांबा, आवळून घेतो," बसाप्पा म्हणाला, आणि बसच्या चाकाचा नट आवळतात तसा त्यानं छत्रीचा बोल्ट आवळला. टक्कन आवाज झाला. बोल्टचं डोकं पान्यात राहिलं, बाकीचा खांबात. छत्री डुलली, मैदान थिजलं. त्यानं तिला मागनं मिठी मारली, सावकाश जागेवर आणली. पाच आकड्यांनी मैदान परत हललं.

मिठी सोडली की मैदान जायचं. तेव्हा बसाप्पा तिथंच राहिला.

पहिल्या ओव्हरीत बॉलर अजून पळायला निघतोय, तोच गच्चीवरनं आवाज आला, "चाऽऽर!"

बॉल पडला. चौकार गेला.

जावयांनी चहाची बशी खाली ठेवली. पुढच्या ओव्हरीत वरनं "गेला!" आलं. बॉलर चेंडू मांडीला पुसत होता. मग तो आला, टाकला आणि दांडी उडाली. हिराबाईनं गळ्यातलं शिवलिंग डोळ्याला लावलं.

शिवलीला चहा घेऊन वर गेली. अज्जा छत्रीला बिलगून उभा, मान मात्र गौसच्या खिडकीकडं वाकडी. तिथनं एकदम ओरडा उठला.

"आरोळी आखूड आली तर चार," तो हळूच म्हणाला, "लांबली तर सहा. 'या अल्ला' आलं की आपला गेला. केबलला सगळं पाच आकडं आधी येतंय बघ." मग चहा तिच्या हातानंच प्यायला. "खाली बोलू नगंस."

ती रिकामा कप आणि हे गुपित घेऊन खाली आली.

रात्री शेवटची ओव्हर. टीव्हीत बॉलर पळायला लागला, पण त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. जावयासकट अख्खं घर माना वर करून छताकडं बघत होतं.