खालीलप्रमाणे:

गोदामात कीड मारायला विषारी धूर सोडण्याआधी आत कोण आहे, ते यंत्र छापतं. त्याचीच चाचणी मी आणि तंत्रज्ञदादा आत उभं राहून घेत होतो. कागदावर आलं, ‘आत असलेल्या व्यक्ती खालीलप्रमाणे:’ आणि बऱ्याच खाली, ‘धूर सोडू नये.’ मधे काहीच नाही.

“यादीला पाय फुटले वाटतं!” समोर उभे दादा हसले.

“नाही दादा. वाक्य साच्यात कायमचं असतं, नावं दारावरच्या कार्डांवरून येतात. यादी रिकामी असती तर शेवटची ओळ वर सरकली असती. इथे जागा सुटलीय, म्हणजे माणसं मोजलीत, फक्त नावं उमटली नाहीत.”

मी पट्टी लावली. “तीन ओळींची जागा आहे.”

“अगं, पण आपण तर दोघंच आहोत.”

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून कुणीतरी तिसऱ्या कोऱ्या ओळीवर अलगद बोट ठेवलं.