लाइन क्लिअर

"काका, मले हे वाचता येत नाई," खुशाल म्हणाला.

उत्तमरावांनी घास हातातच ठेवून वर पाहिलं. तेलंगणात बोथच्या रस्त्यावरचं हे वीज खात्याचं सबस्टेशन. पॅनेलवर चार फीडर, म्हणजे गावोगाव वीज नेणाऱ्या चार लाइनी. त्यांची नावं तेलुगूत रंगवलेली. आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी हा नवा ऑपरेटर सगळ्यांदेखत सांगत होता, वाचता येत नाही.

"आयटीआय मी किनवटले मराठीतून केलं. मशीन समजते, आकडे समजतात. नावं तेवढी सांगा, खाली मराठीत चिठ्ठ्या चिकटवतो."

महिपत लाइनमन फिसकन हसला. "बारसं करून राह्यला का बे फीडरचं?"

"करतो ना. खांबावर तुमीच चढता," खुशाल म्हणाला.

उत्तमरावांनी चारही नावं वाचली, खुशालनं लिहून घेतली, मग एकेकावर बोट ठेवून परत म्हणून दाखवली. एक चुकलं. उत्तमरावांनी सुधारलं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली.

चौदा वर्षांपूर्वी उत्तमराव दुसऱ्या एका सबस्टेशनात ऑपरेटर म्हणून नोकरीला लागले, तेव्हा त्यांनाही तेलुगू म्हणजे नुसत्या जिलब्या होत्या. त्यांनी कोणाला पत्ता लागू दिला नाही. सात महिने चेहरा गंभीर ठेवून काढले. मग एकदम अंकलिपी आणून पंधरवड्यात सगळी अक्षरं गिळली, आणि लगेच बदली मागून इकडे आले. तेव्हापासून इथेच. वेळेवर येतात, वेळेवर जातात. डब्यात काय होतं, हे बायकोनं विचारलं तर त्यांना सांगता येत नाही.

एई साहेबांनी, म्हणजे सहायक अभियंत्यांनी, त्यांच्याकडून महिनाअखेर अहवाल मागितला होता. पोरगा एकटा शिफ्ट सांभाळेल की नाही, एवढंच लिहायचं. नाही म्हटलं की ठेक्यावरची नोकरी तिथेच संपली.

"इतना पूछता है, अकेला क्या करेगा?" साहेब म्हणाले होते. "निर्मल शहरात जागा मिळत होती, तर हट्टानं इथं आला. डोकं ठिकाणावर आहे ना?"

उत्तमरावांनी मान हलवली होती. त्यांना बरंवाईट काहीच वाटलं नव्हतं.

पण खुशालचं विचारणं वेगळं होतं, हे त्यांच्याही ध्यानात आलं. नुसतं 'हे काय?' असं तो कधी विचारत नसे. आधी स्वतः बघायचा. मग कुठवर समजलं ते सांगायचा आणि अडलं त्या जागेवर बोट ठेवायचा. थांबण्यासारखं असेल तर उत्तमरावांचं जेवण होऊ द्यायचा. उत्तर मिळालं की आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचा, वहीत टिपायचा, आणि तीच गोष्ट पुन्हा विचारायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात लाइनमनच त्याला येऊन विचारू लागले.

महिन्याच्या शेवटच्या सोमवारी महिपतचा फोन आला. खांबावरचा इन्सुलेटर फुटला होता, दोन नंबरच्या फीडरवर एलसी हवी होती. एलसी म्हणजे लाइन क्लिअर, लाइन बंद असल्याचा ऑपरेटरचा शब्द. ऑपरेटर त्याचा नंबर फोनवर देतो, तो मिळाला की माणूस वर चढतो.

खुशालनं ब्रेकर पाडून लाइन बंद केली. यार्डात जाऊन स्विचचं हँडल ओढलं. परत आला आणि फोन उचलला.

"महिपतदादा, नंबर आत्ता देत नाई. एक गोष्ट मले समजली नाई, विचारून सांगतो. दहा मिनिटं लागतील. तोवर खांबाले हात लावू नका."

"अरे, लोकं बोंबलून राह्यले इकडं!"

"माह्या नावानं बोंबलू द्या."

तो उत्तमरावांकडे वळला. "काका, यासाठी थांबता येत नाई. दोन नंबरचा ब्रेकर पाडला, अँपिअर शून्य हाय. हँडल पूर्ण खाली हाय. पण स्विचच्या तीन पात्यांतली दोनच उघडली, तिसरं चिकटल्यावानी दिसते. आता काय करू?"

उत्तमराव उठले. यार्डात उभं राहून त्यांनी मान वर केली. तिसरं पातं खरंच अडकलं होतं. त्यांनी हँडल वर करून पुन्हा जोरात ओढायला लावलं. पातं खट्कन सुटलं. मग कुलूप, अर्थिंग, हँडलवर पाटी. खुशालनं एकेक पायरी मोठ्यानं म्हणत केली. नंबर दिला, महिपतकडून परत म्हणवून घेतला, वेळ टाकून रजिस्टरमध्ये लिहिला.

तासाभरानं काम झालं आणि महिपतनंच एलसी परत केली. "दहा मिन्टं मनून बारा लावले बे," तो फोनवर म्हणाला आणि हसला.

उत्तमरावांनी कागद ओढला. 'एकट्याने शिफ्ट सांभाळण्यास योग्य. जे कळत नाही ते वेळेवर विचारतो.' खाली सही केली. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा त्यांना काहीतरी बरं वाटलं होतं. कागद त्यांनी खुशालपुढे सरकवला.

खुशालनं तो वाचला आणि नीट घडी घातली.

"आता एकच विचारायचं राह्यलं, काका. त्यासाठीच इकडची जागा मागितली होती."

"विचार."

"मारोती लाइनमन माहा बाप. तुमच्या पहिल्या सबस्टेशनात होता, तिथंच खांबावर करंट लागून गेला. एलसी न घेताच चढला, असं चौकशीत लिहिलं. पण पंचायतीच्या फोनवर त्यानं तुमी देल्ला नंबर दोनदा म्हटला. माय तिथंच झाडत होती, तिनं ऐकला. इतकं मले माहीत हाय. त्या दिवशी तुमी फीडर कोणता बंद केल्ता, ते तेवढं माहीत नाई."