रात्रीची ओवी

नातीच्या लग्नाची हळद जात्यावर दळताना बायका हौसानं स्वतःच्या आयुष्यावर रचलेली ओवी गात होत्या. हौसा गेल्यावर घरातलं हे पहिलंच लग्न. तिचा नवरा केरबा ओसरीवर खांबाला टेकून ऐकत होता. त्याला आता उठून बसायचाही कंटाळा येई.

पहाटेच्या कडव्यात पाळण्यातलं तान्हं, सकाळी परकरातली पोर, भर दुपारी सासरची कामं आणि कडेवर लेकरू, तिन्हीसांजेला मांडीवर नातवंड. तिथं जातं थांबलं.

“आईनं रात्र कधी गायलीच नाही,” लेक म्हणाली. “तात्या, तुम्हाला येते?”

“तात्या गाणार? हळद आणखी कडू होईल!” शेजारीण हसली.

त्याला येत होती. शेवटच्या आजारात हौसानं त्याच्यापाशी एकदाच म्हटली होती. मरणाची ओवी लग्नघरात कशी म्हणायची? पण आज नाही म्हटली, तर ती त्याच्याबरोबरच जाणार होती.

सूर न लावता तो म्हणाला,

“रात झाली बाई, दमले माझे हात,
धर गं खुंटा लेकी, तुझी ही पहाट.”

लेकीनं नवरीचा हात ओढून जात्याच्या खुंट्यावर ठेवला. जातं फिरू लागलं, आणि केरबा पाळण्यातल्या हौसापासून पुन्हा ऐकू लागला.