चारच्या आत फोन करू नये

जेवणं उरकली, ओटा पुसून झाला आणि घर मिटायला लागलं. सासऱ्यांनी दाराबाहेरच्या चपला आत घेतल्या. बाहेर चपला दिसल्या की माणसं दार वाजवतात. बेलचं बटण बंद झालं, पडदे ओढले गेले. उरला फोन. तो रोज सासूबाई झोपवायच्या. रिसीव्हर उचलून बाजूला, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवायच्या. मग कुणीही लावला तरी त्याला चार वाजेपर्यंत एंगेजच लागायचा.

सून आपल्या खोलीत आडवी झाली, पण कान बैठकीच्या खोलीकडे होते. खट्. झालंच. काढला वाटतं रिसीव्हर.

आज तिच्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन होतं. ते उरकलं की भाऊ दवाखान्यासमोरच्या बूथवरून फोन करणार होता. सकाळी भाजी चिरताना तिने हे सासूबाईंना सांगितलं होतं. त्या नुसतं ‘हं’ म्हणाल्या आणि चिरत राहिल्या. तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती.

या घराच्या दुपारच्या झोपेवर सगळ्या गोतावळ्यात विनोद चालत. चोरांनासुद्धा इथे चारनंतर यावं लागतं, असं म्हणत. लग्नात तर तिच्या भावानेच मांडवभर हशा पिकवला होता, की ताई, तुझ्या सासरी आग लागली तर बंबवाल्यांना आधी वेळ विचारून यावं लागेल. हसणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसायची. सासरे अंधार असतानाच दुकान उघडायचे आणि रात्री शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत उभे असायचे. सासूबाई त्यांच्याही आधी उठायच्या. एका दिवसात दोन दिवसांचं काम बसवायचं, तर मध्ये कुठेतरी पाठ टेकायला हवी. हे सगळं सुनेला कळत होतं. पण आज तरी?

खट्. पुन्हा तोच आवाज.

आता हे काय? फोन आला आणि यांनी उचलून तोडला की काय? घंटी ऐकू आली नाही, म्हणजे तिचा आवाजही कमी करून ठेवला असेल. तिकडे काय झालं असेल? तिसऱ्यांदा खट् झालं तेव्हा ती उठली आणि अनवाणीच, भिंतीला धरून बैठकीच्या खोलीत गेली.

अंधारात सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. रिसीव्हर कानाला होता.

“कुणाशी बोलताय?” तिचा आवाज तिलाच परका वाटला.

सासूबाई दचकल्या. रिसीव्हर जागेवर ठेवत म्हणाल्या, “कुणाशी नाही गं. टोन येतोय का बघत होते. मेला ऐन वेळी बंद पडतो.”

टॉवेल दोरीवरच होता. सुनेने तो पाहिला आणि मान खाली घातली. आतल्या खोलीतून चाललेलं घोरणं अचानक थांबलं आणि सासऱ्यांनी आला का म्हणून विचारलं. सासूबाईंनी त्यांना झोपा म्हणून सांगितलं, पण घोरणं काही पुन्हा सुरू झालं नाही.

दोघी फोनपाशी बसून राहिल्या. सासूबाईंचा हात मध्येच रिसीव्हरकडे जाई आणि त्या तो टोन ऐकून परत ठेवत. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले आणि फोन खणाणला.

भाऊच होता. बाबा छान आहेत, म्हणाला, शुद्धीवर आलेत, पाणी मागत होते. ऑपरेशन तर दुपारीच उरकलं होतं. सासूबाई रिसीव्हरला कान लावून उभ्या होत्या.

“तेव्हाच लावला होता गं ताई,” भाऊ हसत म्हणाला. “एंगेज लागला. म्हटलं, काढून ठेवला तुझ्या सासूने, नेहमीसारखा. आता चारशिवाय काही खरं नाही.”

सासूबाईंचा हात तोंडावर गेला. सुनेने त्यांच्याकडे पाहिलं.

“त्यांनी नाही रे,” ती म्हणाली. “मीच सारखी उचलून बघत होते, टोन येतोय का.”

मग तिने चहा टाकला. सासऱ्यांना देऊन, सासूबाईंचा कप घेऊन ती बाहेर आली, तर त्या खुर्चीतच झोपी गेल्या होत्या. मान कलली होती, तोंड जरासं उघडं होतं. तेवढ्यात फोन वाजला. सुनेने पहिल्याच घंटीला उचलला. दुसऱ्या गावची नणंद होती. तिने मुद्दाम चार वाजून गेल्यावर लावला होता. आईला दे म्हणाली.

“त्या झोपल्यात,” सून दबक्या आवाजात म्हणाली. “ही काय फोन करायची वेळ आहे, वन्सं?”