अडीच घरांवरचा वजीर

"तीन वाजले की मुदत संपली. त्याआधी अर्ज मागं घे आणि सोडव सगळ्यांना," असं म्हणत किशोर खालापूरच्या तहसील कचेरीबाहेरच्या बाकावर भाग्यश्रीच्या शेजारी टेकला.

सरपंचपदासाठी दोघांचेच अर्ज उरले होते. तिनं माघार घेतली की किशोर बिनविरोध. फाटकाबाहेर त्याची माणसं गुलालाच्या पिशव्या घेऊन उभी होती, आणि एका उत्साही गड्यानं तर फलकही छापून आणला होता: 'विरोधकांना शहमात!' जिच्यावर मात व्हायची होती ती बाई अजून बाकावर बसलेली होती, याचं त्याला काही नव्हतं.

दोघं एका वर्गातले, शाळेच्या संघातून तालुक्याला बुद्धिबळ खेळलेले. किशोरनं पट सोडला त्याला पुष्कळ वर्षं झाली होती, पण शब्द काही सुटले नव्हते. उलट त्यांना पाय फुटले होते. बातम्यांत रोज संध्याकाळी शह-काटशह चालायचे, ते यानं उचलले. कुंभिवलीच्या कंपनीचे साहेब जागेचं बोलणं अडलं की 'स्टेलमेट' म्हणायचे आणि काही सोडावं लागलं की 'गॅम्बिट'; तेही यानं खिशात घातले. आता तो रस्त्याच्या खडीबद्दल बोलला तरी त्यात एक उंट आणि दोन प्यादी असायची.

"हे बघ, मी गॅम्बिट देतो," तो आवाज खाली आणून म्हणाला. "सुनीलभाऊच्या टेंपोला उद्यापासून कंपनीचं काम चालू. तुमच्या गटाला शाळंची खिचडी शिजवायचं काम परत. मोठ्या डावासाठी येवढं सोडायला मी तयार हाय."

सुनील तिचा नवरा. तिनं अर्ज भरला आणि किशोरच्या शब्दावर कंपनीतलं नवऱ्याच्या टेंपोचं काम बंद पडलं. मग बचत गटाची खिचडी गेली. मग तिच्या पॅनेलमधले उमेदवार एकेक करून गळाले. काल शेवटची उरलेली गोदावहिनीही येऊन रडली आणि माघार घेऊन मोकळी झाली. सुनील रोज सकाळी उभा टेंपो पुसून ठेवायचा. त्याचं ते पुसणंच तिला जड जात होतं. खरं सांगायचं तर ती घाबरली होती.

तरी तिला हसू आलं.

"गॅम्बिटमधी आपलं प्यादं सोडतात रं. त्याच्या बदल्यात आपल्या सोंगट्या पटापट बाहेर काढायला मिळतात. तू माझीच मारलेली प्यादी मला परत देतोयस. हे कसलं गॅम्बिट?"

"शब्दाला काय धरून बसतीस?"

"बरं, सोडला शब्द. घेतलं काम. परवा तुला राग आला तर?"

किशोरनं फाटकाकडे पाहिलं.

"म्हंजे त्या घरावर तुझाच वजीर रोखलेला हाय. तिथं राजाला पाय ठेवता येत नाय."

"मग घे शह!" किशोरचा आवाज चढला. "नायतर मी..."

आणि तो थांबला. तो शोधतोय, हे तिला दिसलं. टेंपो? बंद. खिचडी? गेली. माणसं? ती तर त्यानंच फोडली होती. भाग्यश्रीही मनात त्याच्याबरोबर शोधू लागली, आणि शोधता शोधता तिची भीती सैल होत गेली.

हा डाव तिनं पाहिलेला होता. समोरच्याचा राजा एकटा, कोपऱ्यात. आपल्याकडे वजीर, आणि जिंकायची घाई. नवशिका तो वजीर आणून राजापासून अडीच घरांवर, घोड्याच्या उडीइतका दूर ठेवतो आणि खूश होतो. राजाच्या भोवतालची तिन्ही घरं बंद होतात. पण राजाला शह बसलेला नसतो! शह असता आणि पळायला घर नसतं, तर मात. शह नाही, घर नाही आणि हलवायला दुसरी सोंगटीही नाही, तर डाव तिथल्या तिथं संपतो, बरोबरीत. भरलेला पट घेऊन समोरचा हात चोळत बसतो. पुस्तकात याला स्टेलमेट म्हणतात, शाळेतले सर हावऱ्याची बरोबरी म्हणायचे.

"सगळंच काढून घेतलंस तू," ती म्हणाली. "धमकी द्यायला तरी कायतरी ठेवायचं होतंस."

किशोर उठला. घड्याळाकडे बघून त्यानं शर्ट सारखा केला. "ठीक हाय. स्टेलमेट. उद्या चार माणसं बसवू, कोंडी फोडू."

"पेपरातली कोंडी फुटते. पटावरची नाय फुटत. तिथं कुणी उद्या बसत नाय, डावच संपतो."

शिपायानं दारात येऊन मुदत संपल्याचं सांगितलं आणि चिन्हवाटपासाठी दोघांची नावं पुकारली. फाटकाबाहेर कुणीतरी गुलालाच्या पिशव्या पुन्हा गाडीत टाकत होतं. भाग्यश्री उठली. ती त्याच्या आधी दाराशी पोचली.

"जिंकली नायस तू," मागून येत किशोर पुटपुटला. "माझ्याकडं आख्खं पॅनेल हाय. तुझ्याकडं कोण हाय?"

"जिंकले कुठं म्हणते? बरोबरी झाली." ती वळली. "आता मतदानाला नवा डाव. मत गोदावहिनीलाही हाय. आणि नवा डाव मांडताना, किशोर, मारलेली सगळी प्यादी परत पटावर येतात."