कुणालाही चालणारे शब्द

“‘तुमचा प्रेमळपणा, आदरातिथ्य आणि घरातलं ऊबदार वातावरण आम्ही कधीही विसरणार नाही,’” तिने मोठ्याने वाचलं. या घरात पत्र मोठ्याने वाचल्याशिवाय पाकिटात जात नसे. तो नियम आईचा होता. आईला जाऊन दोन महिने झाले तरी तो पाळला जात होता.

बाबा चष्मा पुसत म्हणाले, “थकबाकीदारांना आम्ही यापेक्षा मायेनं लिहायचो.”

त्यांची सगळी नोकरी वीज कंपनीच्या कार्यालयात गेली होती.

“मग तुम्हीच लिहा. मी त्या लोकांना पाहिलेलंसुद्धा नाही.”

“लिही तूच. मी सांगतो.” त्यांनी टेबलावरचं आईचं हिरवं पेन उचललं. मुलांचे निबंध तपासायचं ते पेन घेऊन आई परदेशातल्या एका विद्यापीठात वर्षभर भाषा शिकवायला गेली होती आणि तिथल्या एका कुटुंबाच्या घरी, वरच्या खोलीत राहिली होती. शेवटचे काही आठवडे बाबाही तिथे होते. परत आल्यावर ती आजारी पडली आणि आभाराचं पत्र राहून गेलं.

बाबांनी ‘प्रेमळपणा’वर आडवी रेघ मारली. “कुणाच्याही पत्रात चालतो तो शब्द आपल्या पत्रात नको. तुझी आई असंच म्हणायची ना?”

“मला नका सांगू. माझे निबंध तिने असेच हिरवेगार केले होते.”

“तिथल्या स्वयंपाकघरात कपांची फळी उंच होती. तुझ्या आईचा हात पोहोचेना. तिने तक्रार केली नाही, स्टूल शोधलं. दुसऱ्या दिवशी त्या घरच्या गृहस्थांनी फळीच खाली घेतली. मग वर्षभर स्वतःचं डोकं आपटत राहिले.”

तिने लिहिलं. फळी, स्टूल, आपटलेलं डोकं. लिहिताना हसू आलं आणि लगेच गेलं. या घरातली वरची फळी अजून उंचच होती. आई इथेही स्टूलच घ्यायची.

“आता आदरातिथ्य,” ती म्हणाली.

“ते काही नव्हतंच.” बाबांनी रेघ मारली. “आठवडाभर पाहुणी, मग नाही. कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवायचा वार तिला लावून दिला. एकदा विसरली तर घरच्या बाई चक्क ओरडल्या तिच्यावर. तुझी आई इतकी खूश! मला फोनवर म्हणाली, आज मला घरातल्यासारखं झापलं.”

“मला नाही सांगितलं.”

“तुला काय सांगणार, झापून घेतलं म्हणून?”

तिने लिहिलं: तुम्ही तिच्यावर ओरडलात, त्याबद्दल आभार. वाक्य चांगलं उतरलं होतं, आणि तेच तिला खटकत होतं. चांगली वाक्यं होण्याजोगं सगळं तिकडे घडलं होतं. तिच्याकडे उरली होती औषधांची वेळापत्रकं.

“राहिला ‘ऊबदार’,” बाबा म्हणाले, आणि पेन नुसतंच हातात धरून बसले.

“मारा की रेघ.”

“हा राहू दे. एक चालेल.”

“आईला चाललं नसतं.”

बाबांनी रेघ मारली. मग खिडकीकडे बघत म्हणाले, “तिचा उजवा खांदा आखडला होता तिथे. हात वर जाईना. तर त्यांची मुलगी रविवारी सकाळी तिला मागच्या पायरीवर बसवून केस विंचरून द्यायची. तासभर चालायचं. दोघी आपापल्या भाषेत बोलत बसायच्या.”

तिचं पेन थांबलं. आईने आपल्या केसांना कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. लहानपणी तिने कंगवा घेऊन मागे लागावं आणि आईने म्हणावं, गुंता करशील, जा.

“केवढी आहे ती मुलगी?”

“असेल तुझ्याच वयाची.”

“खांद्याचं मला का नाही सांगितलं?”

“तू रजा काढून धावत आली असतीस.”

“पण परत आली तेव्हा केस तर...” ती बोलता बोलता थांबली. विमानतळावर आई कानापर्यंत कापलेले केस घेऊन बाहेर आली होती. तिने आईला मिठी मारली होती आणि म्हटलं होतं, किती छान दिसतंय, दहा वर्षांनी लहान झालीस.

“निघायच्या आदल्या दिवशी कापले,” बाबा म्हणाले. “मी म्हटलं, कशाला? तर म्हणाली, घरी आता कोण विंचरणार?”

“कोण म्हणजे?”

बाबा पुन्हा चष्मा पुसू लागले.

तिने कागद पुढे ओढला. एका दमात लिहिलं आणि वाचून दाखवलं. “‘तुमच्या मुलीनं तिचे केस विंचरले. आम्हाला ते माहीत नव्हतं. मला तिचा फार हेवा वाटतो.’”

“शेवटचं वाक्य ठेवायचं?”

“कुणाच्याही पत्रात चालेल का ते?”

बाबांनी नाही म्हणून मान हलवली आणि हिरव्या पेनला टोपण लावलं. तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, खाली सही केली.

“बाबा,” वर न बघता तिने विचारलं, “कापले तेव्हा केवढे झाले होते?”

ते उठून तिच्या खुर्चीमागे आले. मग तिच्या पाठीवर, कमरेच्या जरासं वर, त्यांनी एक बोट टेकवलं.